बॅकहोची पिन-बुश कशाने झिजते आणि किती झिजेल: घासझीज, चिकटझीज आणि आर्चर्डचं समीकरण

बॅकहो लोडरच्या मागच्या बकेटची पिन हजार तासांत ढिली झाली की साइटवर दोनच उपाय सुचवले जातात: जास्त कडक पिन टाका, नाहीतर ग्रीस वाढवा. कधी पहिला लागू पडतो, कधी दुसरा, आणि कधी दोन्ही वाया जातात. झीज कोणत्या प्रकारची आहे हे न बघताच उपाय ठरवला जातो, म्हणून असं होतं. या लेखात एकच जोडी घेतली आहे: डिपर आर्मच्या टोकातली बुश आणि तिच्यात फिरणारी बकेटची पिन. आधी झीज ओळखायची, मग लोड, घसरणीचं अंतर आणि कडकपणा यांवरून तिचं आकारमान काढायचं आणि शेवटी दोन्ही ताडून बघायचं.

दोन झिजा, दोन कारणं

कितीही पॉलिश केलेली पिन असली तरी ती बुशला सगळीकडे टेकत नाही. पृष्ठभागावरचे सूक्ष्म उंचवटे तेवढे टेकतात आणि सगळा लोड त्यांच्यावर येतो. मधला ग्रीसचा थर टिकला नाही, तर दोन्हीकडचे उंचवटे एकमेकांना अक्षरशः जोडले जातात. पिन पुढे सरकली की हा जोड तुटतो, पण तो बरोबर सांध्यावर तुटेलच असं नाही. पुष्कळदा मऊ बाजूचा तुकडा उपटून कडक बाजूला चिकटतो आणि नंतर सुटून बाहेर पडतो. ही चिकटझीज. पाठ्यपुस्तकांत तिला आसंजक झीज म्हणतात. ती फार वाढली की पिन जाम होते.

घासझिजेत तिसरा भिडू लागतो. वाळूचा कण ग्रीसमधून आत शिरतो, दोन पृष्ठभागांमध्ये दबतो आणि रंध्याच्या पात्यासारखा धातू खरवडतो. कधी तो लोळत जातो आणि खळगे पाडतो. कधी मऊ बाजूत रुतून बसतो आणि समोरच्या पृष्ठभागावर चर पाडत राहतो. इथे धातू धातूला चिकटायची गरजच नाही. ग्रीस भरपूर असलं तरी कण आपलं काम करतच राहतो.

पहिली पायरी: पिन बाहेर काढून बघणं

बकेट जमिनीवर पूर्ण टेकवा, इंजिन बंद करा, हायड्रॉलिकचा दाब सोडा आणि मग पिन काढा. लगेच पुसू नका. आतलं ग्रीस हाच अर्धा पुरावा आहे.

चिमूटभर ग्रीस अंगठा आणि तर्जनीत चोळा. कचकच लागली तर कण आहेत. बारीक कण बोटांना कळत नाहीत, म्हणून तेच ग्रीस काचेच्या दोन तुकड्यांमध्ये दाबून सरकवा. काचेवर ओरखडे उठले की शंका मिटली. मग थोडं ग्रीस रॉकेलमध्ये विरघळवा, तळाशी बसू द्या आणि भांड्याखालून चुंबक फिरवा. चुंबकाबरोबर सरकतो तो बहुतेक पोलादाचा भुगा आणि जागेवर राहते ती बहुतेक माती-वाळू. बेसॉल्टच्या चुऱ्यात मॅग्नेटाइट असतं, त्यामुळे काळ्या दगडाच्या साइटवर चुंबकाला थोडी मातीही लागते. ती पोलाद समजू नका, भिंगातून बघा. पोलादाचा तुकडा चकचकीत असतो, मॅग्नेटाइटचा कण काळपट आणि कोनेदार.

आता पिन पुसून उजेडात तिरपी धरा. घासझीज झालेल्या पिनेवर परिघाच्या दिशेने समांतर रेघा दिसतात, म्हणजे ज्या दिशेने पिन फिरते त्याच दिशेने. चर स्वच्छ असतात आणि त्यांचा तळ चमकतो. पिनेच्या लांबीच्या दिशेने नख ओढलं की ते एकामागून एक चरांत अडकत जातं. चिकटझिजेचं रूप वेगळं असतं. पृष्ठभाग फाटल्यासारखा दिसतो, मधेच उपटलेला खड्डा आणि मधेच वर आलेला चिकटलेला गोळा. बुश काशाची असेल तर पोलादी पिनेवर तांबूस-पिवळे पट्टे दिसतात, आणि ते बुशचंच धातू असतं. जास्त तापल्याची निळसर-तपकिरी झाकही अनेकदा असते. भुग्याचा आकारही बोलका असतो: घासझिजेत लेथच्या बारीक चिपांसारख्या वळलेल्या केसाळ तारा निघतात, तर जोराच्या चिकटझिजेत चपटे पापुद्रे.

दोन्ही खुणा एकाच पिनेवर सापडणंही नेहमीचं आहे. कडेला, जिथून धूळ आत शिरते, तिथे चर असतात. मधल्या भागात, जिथे ग्रीसची वाट वाळलेल्या ग्रीसने बुजलेली असते, तिथे फाटलेला पृष्ठभाग. अशा वेळी पिनेची लांबी तीन भागांत वाटून प्रत्येक भागाची नोंद वेगळी ठेवा. उपायही वेगवेगळे निघतील.

दुसरी पायरी: समीकरण आणि त्याचा अर्थ

झिजेच्या हिशेबाला आजही जे. एफ. आर्चर्डचं 1953 सालचं समीकरण वापरतात:

```
V = k × F × s / H
```

V म्हणजे झिजून गेलेल्या धातूचं आकारमान, F म्हणजे लोड, s म्हणजे एकमेकांवरून घसरलेलं एकूण अंतर, H म्हणजे झिजणाऱ्या पृष्ठभागाचा कडकपणा आणि k म्हणजे झीजगुणक. k ला एकक नाही.

लोड दुप्पट झाला की खऱ्या संपर्काचं क्षेत्र दुप्पट होतं, म्हणून झीजही दुप्पट. धातू कडक असला की तेवढाच लोड पेलायला कमी क्षेत्र पुरतं, म्हणून H छेदात आहे. बुशची रुंदी-लांबी यात कुठेच नाही, ही गोष्ट पहिल्यांदा वाचणाऱ्याला खटकते. लांब बुश लावल्याने झिजणारं आकारमान कमी होत नाही. तेवढाच धातू मोठ्या क्षेत्रावरून जातो, त्यामुळे खोली कमी येते. साइटवर आपल्याला खोलीच हवी असते, म्हणून लांब बुशचा फायदा खराच आहे, फक्त तो पुढच्या पायरीत मिळतो.

आर्चर्डने मांडणी केली ती चिकटझिजेसाठी. कडक कणाने पाडलेल्या चराचं आकारमान भूमितीने काढलं तरी तेच रूप येतं: लोड गुणिले अंतर, भागिले कडकपणा. म्हणून एकच सूत्र दोन्ही झिजांना चालतं. सगळा फरक k मध्ये दडलेला आहे.

पोलादी जोडीसाठी अंदाज घ्यायला हे आकडे पुरतात: ग्रीस स्वच्छ आणि भरपूर असेल तर k साधारण 10⁻⁶, थोडा इकडेतिकडे. ग्रीस आहे पण त्यात कण आहेत, तर 10⁻⁵ ते 10⁻⁴ आणि कधी त्याहून जास्त. ग्रीस नाही, धातूवर धातू कोरडा, तर 10⁻⁴ पासून मऊ पोलादाच्या एकसारख्या जोडीत 10⁻² च्या जवळपास. या मर्यादा एकमेकींत शिरतात. त्यामुळे नुसत्या k वरून झीज कुठली हे सांगता येत नाही, त्यासाठी पहिली पायरीच लागते.

तिसरी पायरी: F × s नीट काढणं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. लोकांकडे बकेटचा कमाल जोर असतो आणि तोच ते सगळ्या अंतराला गुणतात. लोड महत्त्वाचा असतो तो पिन फिरत असतानाचाच. भरलेली बकेट घेऊन आर्म बाजूला वळत असताना पिनेवर वजन असतं, पण बकेटची पिन बुशमध्ये फिरत नाही. तेवढ्या काळाची झीज जवळजवळ शून्य. म्हणून खोदण्याची एक फेरी तुकड्यांत पाडा आणि प्रत्येक तुकड्याचा लोड त्याच तुकड्यातल्या अंतराने गुणा.

समजा पिनेचा व्यास 45 मिमी आणि बुशची लांबी 50 मिमी आहे. 1 अंश फिरण्यात पृष्ठभाग π × 45 / 360, म्हणजे 0.393 मिमी सरकतो. एका बुशवर येणारे लोड असे धरू:

```
खोदताना     60°   23.6 mm × 45000 N = 1060 N·m
ओतताना      100°   39.3 mm × 10000 N =  393 N·m
परत वळवताना  40°   15.7 mm ×  3000 N =   47 N·m
एका फेरीत एकूण                     = 1500 N·m
```

बकेट जितकी आत वळते तितकीच बाहेर उघडते. इथे आत 60 आणि 40 अंश, बाहेर 100. हा ताळा जुळला नाही तर कुठला तरी कोन चुकला आहे. कमाल 45000 न्यूटनच सगळ्या 78.5 मिमीला लावले असते तर 3530 आले असते, म्हणजे खऱ्याच्या दुपटीहून जास्त.

तासाला 120 फेऱ्या धरल्या तर 1000 तासांत F × s = 1500 × 120 × 1000 = 18 कोटी N·m. पुढे सगळं मिलिमीटरमध्ये चालवायचं आहे, म्हणून हे 1.8 × 10¹¹ N·mm लिहून ठेवा. फेऱ्या अंदाजाने न धरता एखादा दिवस उभं राहून अर्ध्या-अर्ध्या तासाच्या दोन पाळ्या मोजणं बरं. ऑपरेटर बदलला की हा आकडा सहज सव्वापट होतो.

चौथी पायरी: H चं एकक

विकर्स कडकपणा 300 HV म्हणजे 300 kgf/mm². समीकरणात न्यूटन वापरतोय, म्हणून 9.81 ने गुणून 2943 N/mm² घ्यायचा. गुणायचं विसरलं की झीज दहापट जास्त येते. रॉकवेल C चा आकडा तर थेट वापरताच येत नाही, कारण ती मोजपट्टी वेगळी आहे. 58 HRC म्हणजे साधारण 650 HV, अर्थात 6376 N/mm². पिनेचा कडकपणा कागदावरून न घेता, कडक केलेला थर अजून शिल्लक आहे ना हे झिजलेल्या जागी तपासून घ्या. इंडक्शनने कडक केलेल्या पिनेचा हा थर काही मिलिमीटरच जाड असतो. तो संपला की खालचा मऊ गाभा उघडा पडतो, आणि मग H निम्म्याखाली घसरतो.

पाचवी पायरी: आकारमानातून खोली

बुशच्या भोकात झीज चंद्रकोरीच्या आकाराची पडते, एका बाजूला जाड आणि कडांकडे निमुळती. एक अर्धवर्तुळ h इतकं सरकलं तर दोन्हींमधलं क्षेत्रफळ व्यास × h असतं. म्हणून

```
h = V / (D × L)
```

D × L इथे 45 × 50 = 2250 मिमी². आता 300 HV च्या बुशसाठी 1000 तासांचा हिशेब करू. k = 10⁻⁶ घेतला तर V = 10⁻⁶ × 1.8 × 10¹¹ / 2943 = 61 मिमी³ आणि h = 0.027 मिमी. हे स्वच्छ ग्रीसचं चित्र, आणि ते हाताला जाणवणारही नाही. तोच k 10⁻⁴ झाला तर h = 2.7 मिमी, म्हणजे बकेट खडखडू लागते. लोड तोच, तास तेवढेच, पोलादही तेच.

सहावी पायरी: मोजून उलटा हिशेब

अंदाजाचा k घेऊन भविष्य वर्तवण्यापेक्षा झिजलेली जोडी मोजून आपल्या साइटचा k काढणं कितीतरी जास्त उपयोगाचं आहे. बुशसाठी बोअर गेज किंवा टेलिस्कोपिक गेज वापरा, पिनेसाठी मायक्रोमीटर. पिनेच्या टोकाला जो भाग बुशबाहेर राहिला तो मूळ व्यास समजा आणि झिजलेल्या पट्ट्यात कमीत कमी व्यास शोधा. बुशमध्ये जास्तीत जास्त व्यास आणि त्याला काटकोनातला व्यास, दोन्ही घ्या. पिन न काढता नुसता खेळ मोजायचा असेल तर आर्मवर चुंबकी स्टँड लावून डायल गेज बकेटच्या कानाला टेकवा आणि पहारीने उचला. मात्र त्यातून येते ती पिन आणि बुशची बेरीज, आणि नव्या जोडीतलं मूळ अंतर वजा करावं लागतं.

समजा 1000 तासांनंतर बुश 1.4 मिमी आणि पिन 0.9 मिमी झिजलेली निघाली. बुश 300 HV ची, पिन 650 HV ची. बुशचं V = 1.4 × 2250 = 3150 मिमी³.

```
बुश: k = 3150 × 2943 / 1.8e11 = 5.2e-5
पिन: k = 2025 × 6376 / 1.8e11 = 7.2e-5
```

पहिली गोष्ट: k स्वच्छ ग्रीसच्या 50 पट आहे. म्हणजे लोड जास्त झाला किंवा पोलाद हलकं होतं, असली कारणं पुरेशी नाहीत. लोडमधली चूक दुपटीची असू शकते, पन्नासपटीची नाही. आत काहीतरी घुसलेलं आहे, किंवा ग्रीस पोचतच नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. पिन बुशच्या 2.17 पट कडक आहे. k दोन्हींना सारखाच असता तर पिन 1.4 / 2.17, म्हणजे 0.65 मिमी झिजायला हवी होती. झिजली 0.9. कडक बाजू आपल्या वाट्यापेक्षा जास्त झिजली, आणि ही घासझिजेची खूण आहे. मऊ बुशमध्ये कण रुतून बसतात, तेवढ्याने बुश स्वतः थोडी वाचते आणि पिनेला कानस लागल्यासारखं होतं. निव्वळ चिकटझिजेत असं होत नाही, तिथे मार खाते ती मऊ बाजू. बुशच्या आतल्या पृष्ठभागावर भिंग धरलं तर रुतलेले कण ठिपक्यांसारखे दिसतात. पिनेवर समांतर चर आणि काचेवर ओरखडे हेही जुळले की निदान पक्कं.

कडक पिन टाकू का?

उत्तर साइटवरच्या दगडावर अवलंबून आहे. कण पृष्ठभागाहून साधारण 1.2 पटीपेक्षा जास्त कडक असेल तरच तो जोरात चर पाडतो. त्याखाली आला की कणाचे कोपरेच मोडतात आणि k झपाट्याने उतरतो.

पुणे, सातारा, नाशिक या पट्ट्यातला दगड बेसॉल्ट. त्यातली मुख्य खनिजं फेल्डस्पार आणि पायरॉक्सीन, दोन्हींचा कडकपणा ढोबळमानाने 600 ते 750 HV. 300 HV च्या बुशला हे कण सहज कापतात, पण 650 HV च्या पृष्ठभागावर ते जेमतेम बरोबरीत येतात. इथे कडक केलेली बुश टाकली तर सूत्र सांगतं त्याहून जास्त फायदा मिळू शकतो. पण काळ्या दगडाच्या पोकळ्यांत गारगोट्या असतात, आणि गार म्हणजे क्वार्ट्झ, 1000 HV च्या आसपास. गारगोट्या जास्त असलेल्या जागी हा फायदा आटतो. भंडारा-गोंदियाकडचे ग्रॅनाइट-नीसचे दगड, वैनगंगेची वाळू किंवा सिंधुदुर्गातल्या सिलिका वाळूच्या खाणी इथे तर सगळीकडे क्वार्ट्झच. 650 HV ची पिन तिथे कणापुढे मऊच ठरते.

अशा जागी कडकपणा वाढवून जास्तीत जास्त सूत्राइतका फायदा अपेक्षित धरावा, आणि खरं तर त्याहूनही कमी. उष्णोपचाराने पोलादाचा कडकपणा दुप्पट केला तरी घासझीज पूर्ण निम्मी होत नाही, कारण चराच्या जागी धातू आधीच दबून कडक होतो आणि मूळ फरक थोडा पुसला जातो. 10⁻⁵ चा k 10⁻⁶ वर आणणं कडकपणाने जमत नाही, ते कण बाहेर ठेवूनच जमतं.

ग्रीस कसं भरायचं

निपल आधी फडक्याने पुसा. न पुसता गन लावली तर निपलच्या डोक्यावरची वाळू स्वतःच्या हाताने बुशमध्ये ढकलली जाते. बकेट अशी ठेवा की पिनेवरचा लोड उतरलेला असेल, म्हणजे दाबलेल्या बाजूला ग्रीस शिरायला फट मिळते. मग दोन्ही कडांमधून जुनं, काळं ग्रीस बाहेर येऊन त्यामागे स्वच्छ रंगाचं दिसेपर्यंत भरा. घासझिजेत ग्रीसचं मुख्य काम वंगणापेक्षा आतले कण बाहेर ढकलणं आणि कडेला बंधारा घालणं हे आहे. म्हणून बाहेर आलेली ग्रीसची कड पुसून काढू नका. एकाच कडेतून ग्रीस येत असेल तर दुसरीकडची वाट बुजली आहे. पिन काढून ग्रीसची वाट साफ करावी लागेल, नाहीतर तो अर्धा भाग कोरडा राहून चिकटझीज सुरू होते.

मॉलिब्डेनम डायसल्फाइड घातलेलं ग्रीस चिकटझिजेत खरंच उपयोगी आहे, कारण थर फाटला तरी त्याच्या पातळ पाकळ्या धातूला धातूशी जुळू देत नाहीत. वाळूपुढे मात्र त्याचं काही चालत नाही. कण त्या थराहून कितीतरी जाड असतो.

हिशेब कुठे तुटतो

समीकरण सरळ रेषेचं आहे, झीज मात्र नेहमी सरळ चालत नाही. नवी जोडी पहिले काही तास जास्त झिजते, म्हणून k काढताना पहिल्या 50 तासांनंतरची मापं धरलेली बरी. शेवटीही हिशेब बिघडतो. खेळ वाढला की पिन नुसती घसरत नाही, आपटते, आणि सील उघडं पडून जास्त वाळू शिरते. 1000 तासांचा k घेऊन 3000 तासांचं भाकीत केलं तर खरी झीज त्याहून जास्त निघेल. चिकटझिजेत तर k पायरीसारखा उडी मारतो: थर टिकतो तोवर 10⁻⁶, थर फाटला की काही तासांत शंभरपट. त्यामुळे फक्त सरासरी काढून ठेवली तर कोरडी गेलेली एक पाळीच सगळं नुकसान करून गेली हे कळत नाही.

नवी बुश बसवल्यावर अवर मीटरचा आकडा आणि चार मापं लिहून ठेवा आणि 250 तासांनी पुन्हा मोजा. वरच्या उदाहरणात F × s दर तासाला 1.8 × 10⁸ N·mm आहे. म्हणजे 250 तासांत k तसाच 5 × 10⁻⁵ राहिला तर बुशची झीज 0.34 मिमी येईल. सील बदलून आणि रोज ग्रीस पालटून k 5 × 10⁻⁶ वर आला असेल तर 0.034 मिमी. हा फरक साध्या बोअर गेजला स्पष्ट दिसतो. 0.3 च्या जवळ आलं तर सील अजूनही कण आत घेतंय, आणि पुढची बुश मागवण्याआधी सीलची बैठक तपासायला हवी.